पन्नास पास्कलची हवा आणि रोजची हवा

अमेरिकेतल्या मिनिआपोलिससारख्या कडाक्याच्या थंडीच्या शहरात घर बांधून झालं की त्याची हवाबंदी तपासली जाते. पुढच्या दारात कापडी पडद्याची चौकट घट्ट बसवतात, त्यातला मोठा पंखा घरातली हवा बाहेर फेकू लागतो. खिडक्या-दारं बंद असतात. घरातला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलने कमी होईपर्यंत पंख्याचा वेग वाढवतात. आता पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढीच हवा फटींतून आत येते. बाहेरच्या भिंतीतल्या प्लगच्या खाचांसमोर हात धरला तर गार झोत लागतो. हीच ‘ब्लोअर डोअर’ चाचणी.

समजा, तळघर धरून 400 घनमीटरचं एक दुमजली घर आहे. 50 पास्कलला त्याची गळती ताशी 1200 घनमीटर आली. म्हणजे घरातली सगळी हवा तासाला तीनदा बदलली, आणि अहवालात लिहिलं गेलं: ACH50 = 3. अमेरिकेच्या 2012 च्या आदर्श ऊर्जा संहितेने थंड प्रदेशांतल्या घरांना हीच कमाल मर्यादा घातली होती.

खरी अडचण इथून पुढे आहे. वर्षभरात हे घर तापवायला किती ऊर्जा लागेल हे काढणाऱ्या संगणकीय मॉडेलला हवागळतीचा आकडा हवा असतो, आणि हा 3 तिथे जसाच्या तसा घालून चालत नाही. 50 पास्कल म्हणजे सेकंदाला नऊ मीटर वेगाचा वारा एकाच वेळी चारी भिंतींवर आणि छतावर आदळावा तसा दाब. एरवी घरावर असतात जेमतेम काही पास्कल. तरीही 3 घातलाच, तर बाहेर उणे 10 अंश आणि आत 20 अंश असताना निव्वळ गळतीपायी सुमारे 12 किलोवॅट उष्णता वाया जाताना दिसेल. एवढ्या घराच्या गळतीला हा आकडा दिसला, तर आधी हीच चूक शोधावी.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे 20 ने भागणं. आलेला 0.15 हा तासाचा सरासरी हवाबदल मानायचा. अनेक घरांच्या मोजमापांतून वर आलेला हा ढोबळ ठोकताळा आहे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या मॅक्स शर्मन यांनी 1987 मध्ये दाखवलं की हा भाजक हवामान, घराची उंची आणि आजूबाजूचा आडोसा यांप्रमाणे बदलायला हवा. शिवाय सरासरी ही सरासरीच. जानेवारीतली रात्र आणि मे महिन्यातली दुपार तिला सारखीच.

म्हणून दुसरा, जास्त भरवशाचा मार्ग. आधी गळती 4 पास्कलवर आणायची, कारण रोजचा दाब साधारण तेवढा असतो. दाब आणि प्रवाह यांचं नातं सरळ रेषेचं नसतं; प्रवाह दाबाच्या साधारण 0.65 व्या घाताप्रमाणे वाढतो:

Q4 = 1200 × (4/50)^0.65 ≈ 232

ताशी 232 घनमीटर. 4 पास्कलला एवढी हवा जाऊ देणारं एकच भोक कल्पिलं तर ते 250 चौरस सेंटिमीटरचं होतं. अख्ख्या घराच्या बारीकसारीक फटी मिळून सोळा सेंटिमीटर बाजूचा चौकोन! एनर्जीप्लस या प्रणालीत हे क्षेत्रफळ ZoneInfiltration:EffectiveLeakageArea इथे भरतात. सोबत मजले आणि आडोसा यांवरून ठरणारे दोन गुणांक द्यावे लागतात, एक तापमानातल्या फरकासाठी, दुसरा वाऱ्यासाठी. मग प्रणाली दर तासाच्या हवामानावरून गळती स्वतः काढते.

मध्यम आडोशाचं दुमजली घर धरून हिशेब केला, तर 30 अंशांचा फरक आणि सेकंदाला 4 मीटर वारा असताना गळती ताशी 100 घनमीटर येते, म्हणजे 0.25 हवाबदल. फरक 5 अंशांवर आणि वारा 3 मीटरवर आला की ती 54 घनमीटरपर्यंत, म्हणजे 0.13 वर उतरते. थंडीत घरातली गरम हवा वर चढून छताजवळच्या फटींतून निसटते आणि खालून गार हवा ओढली जाते, त्याचा हा परिणाम. त्या गोठलेल्या रात्री उष्णतेचं नुकसान जवळपास एक किलोवॅट असतं, सरसकट 0.15 धरल्यास 600 वॅटच दिसतं. भट्टीची क्षमता ठरवताना एवढी तफावत चालत नाही.

याहून साधी चूक आकारमानात होते. चाचणीत तळघर धरलेलं असतं, पण मॉडेलमध्ये अनेकदा फक्त वरचे 270 घनमीटर काढलेले असतात. 0.15 ला त्या 270 ने गुणलं की ताशी 60 ऐवजी 40 घनमीटर हाती येतात आणि एक तृतीयांश गळती गुपचूप नाहीशी होते. म्हणून अहवालातून हवाबदलाचा दर न उचलता ताशी घनमीटरचा मूळ आकडा घ्यावा.

घातांकही गृहीत धरण्यापेक्षा मोजलेला बरा. त्यासाठी एकाच दाबावर न थांबता 50 पासून खाली अनेक दाबांवर प्रवाह नोंदवतात. घातांक 0.5 ते 1 च्या बाहेर गेला, तर बहुधा मध्येच वाऱ्याचा झोत आला असतो किंवा एखादी खिडकी सरकून उघडलेली असते, आणि ती चाचणी पुन्हा घ्यावी लागते.