एक लाखाचं बिल, तीनशे त्रेसष्ट हप्ते

क्रेडिट कार्डाच्या बिलाचा स्क्रीनशॉट समोर आला की नजर दोन आकड्यांवर जाते. Total Amount Due : १,००,००० रुपये. Minimum Amount Due : ५,००० रुपये. पहिला आकडा पाहून पोटात गोळा येतो आणि दुसरा पाहून हायसं वाटतं. आता असं धरा की या माणसाने आजपासून कार्ड कपाटात ठेवलं, नवी खरेदी एका रुपयाची केली नाही, आणि दर महिन्याला बिलावर छापलेली किमान रक्कम अगदी वेळेवर भरली. हे लाख रुपये कधी फिटतील?

तीस वर्षं आणि तीन महिन्यांनी. तोवर भरलेली एकूण रक्कम होईल सुमारे ४ लाख ९१ हजार.

हे आकडे कुठून आले, ते त्याच स्क्रीनशॉटवरून काढता येतं. आधी किमान रकमेला एकूण रकमेने भागायचं. इथे बरोबर ५ टक्के येतात, म्हणजे बँक सरळ पाच टक्क्यांचा हिशेब लावते आहे. भागाकार जास्त आला, तर किमान रकमेत एखाद्या खरेदीचा ईएमआय, मागची थकबाकी किंवा मर्यादेबाहेरचा खर्च मिसळलेला असतो. तो आधी बाजूला काढावा लागतो. स्क्रीनशॉट बिलाचाच आहे ना, हेही पाहावं. ॲपच्या पहिल्या पानावर बऱ्याचदा आजची बाकी दिसते आणि तिच्यात बिलात न आलेली खरेदीही असते. व्याजाचा दर मात्र स्क्रीनशॉटमध्ये सहसा नसतो. तो बिलाच्या शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये सापडतो. आपण महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरू. भारतात अनेक कार्डांवरचा दर याच्या आसपास असतो. या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

समजा बिल ५ तारखेचं, भरायची शेवटची तारीख २५. माणूस २५ तारखेला ५,००० भरतो. पुष्कळांना वाटतं की व्याज आता उरलेल्या ९५,००० वर लागेल. तसं होत नाही. व्याज रोजच्या बाकीवर चढतं, आणि पहिले वीस दिवस बाकी पूर्ण लाखाची होती. त्या वीस दिवसांचं व्याज २,३०१ रुपये, पुढच्या दहा दिवसांचं ९५,००० वर १,०९३ रुपये. बेरीज ३,३९४. त्यावर जीएसटी ६११. पुढच्या बिलात Finance Charges आणि कर मिळून ४,००५ रुपये दिसतील आणि एकूण बाकी असेल ९९,००५.

पाच हजार भरले आणि कर्ज कमी झालं ९९५ रुपयांनी. बाकीचे चार हजार व्याजात आणि करात गेले.

पुढच्या महिन्यात हेच प्रमाण राहतं: दर बिलाला बाकी जेमतेम एक टक्क्याने घटते. म्हणून पन्नास हजारांवर यायला सत्तर महिने लागतात, जवळपास सहा वर्षं. एवढ्यात अडीच लाख रुपये भरून झालेले असतात आणि तरीही निम्मं कर्ज तसंच उभं असतं. मला तर तीस वर्षांच्या आकड्यापेक्षा हाच आकडा जास्त अस्वस्थ करतो, कारण इथवर बरेच जण खरोखर पोचू शकतात. दहा हजारांवर यायला एकोणीस वर्षं लागतात. बाकी चार हजारांच्या खाली गेली की पाच टक्के म्हणजे २०० रुपयांपेक्षा कमी होतात. त्याहून कमी हप्ता चालत नाही अशी अट आपण धरली आहे, म्हणून शेवटचे चाळीसेक हप्ते दोनशे-दोनशेचे. एकूण ३६३ हप्ते. लाखावर चढलेलं व्याज आणि कर ३ लाख ९१ हजार. त्यातला नुसता जीएसटीच साठ हजारांच्या घरात.

हा हिशेब मी सौम्यच धरला आहे. महिना तीस दिवसांचा घेतला. एकतीस दिवसांच्या महिन्यात व्याज आणखी चढतं. उलट, न भरलेल्या करावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्यामुळे महिन्याला काही रुपये सुटतात. आणि हे एक लाख ताज्या खरेदीचे असतील, तर पुढच्या बिलात खरेदीच्या तारखेपासूनचं व्याजही येतं, कारण बिनव्याजी मुदत फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला मिळते. बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. कार्ड कपाटात ठेवण्याची अट वर घातली ती याचसाठी.

पाच टक्क्यांऐवजी किमान रक्कम चार टक्के असती तर? ४,००० भरले, व्याज आणि कर ४,०१९ चढला, बाकी झाली १,००,०१९. दर महिन्याला न चुकता भरूनही कर्ज वाढत गेलं असतं. एप्रिल २०२२ च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने नेमकं हेच रोखलं: किमान रक्कम अशी ठरवावी की ती भरल्यावर कर्ज वाढता कामा नये. फक्त किमान भरत राहिलात तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल, हा इशाराही बिलावर छापावा लागतो. काही बँका त्यामुळे व्याज, कर आणि शुल्क पूर्ण धरून वर मुद्दलाचे काही टक्के मागतात. तिथे किमान रक्कम मोठी दिसते, पण फेड खूपच लवकर होते. दरालाही वरून लगाम नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

पण तीस वर्षं लागतात ती नुसत्या दरामुळे नाही. दर महिन्याला बाकी घटते तशी किमान रक्कमही घटते. पहिला हप्ता ५,०००, दुसरा ४,९५०, सत्तर महिन्यांनी २,५००. बिल आपल्याला दर वेळी थोडं कमी भरायला सांगतं आणि आपण तेवढंच भरतो.

आता तोच माणूस, तेच कार्ड, तोच ४२ टक्के दर. पहिल्या बिलावरचे ५,००० त्याला परवडतात, हे त्याने पहिल्याच महिन्यात दाखवलेलं आहे. पुढच्या बिलावर ४,९५० दिसलं तरी त्याने ५,०००च भरले, आणि शेवटपर्यंत तेवढेच भरत राहिला. कर्ज एक्केचाळीस हप्त्यांत फिटतं, साडेतीन वर्षांच्या आत. एकूण भरले २ लाख ४ हजार. तीस वर्षांची साडेतीन झाली, आणि २ लाख ८७ हजार वाचले. पहिल्या महिन्यात तर त्याला एक रुपयाही जास्त काढावा लागला नाही.

यात एक जागा फसवी आहे. ॲपमध्ये ऑटो-पे लावताना Minimum Amount Due आणि Total Amount Due असे पर्याय येतात. पहिला निवडला की हप्ता आपोआप घटत जातो आणि खात्यातून कमी पैसे गेले म्हणून कुणी तक्रार करत नाही. ठरावीक रकमेचा पर्याय नसेल, तर बचत खात्यातून कार्डाच्या खात्यावर दरमहा ५,००० पाठवण्याची स्थायी सूचना बँकेला द्यावी, देय तारखेच्या चार दिवस आधीची. लवकर पोचलेल्या पैशांवर तेवढ्या दिवसांचं व्याजही वाचतं. शेवटचं बिल पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात शंभरेक रुपये दिसतील. बिल निघाल्यापासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं ते व्याज असतं, तेही भरून टाकावं.

आणि पाचाऐवजी सहा हजार काढता आले, तर हप्ते अठ्ठावीस, आणि एकूण १ लाख ६७ हजार.