१०० + १०० + ९७ : माहितीपत्रकाच्या घडीचे गणित

एफोर कागद आडवा धरला की त्याची रुंदी २९७ मिलिमीटर. त्याच्या दोन घड्या घालून तीन पाने करायची, म्हणून बहुतेक जण ९९-९९-९९ असे भाग पाडतात. पण घडी घालताना तिसरे पान उरलेल्या दोन पानांच्या मध्ये जाते. तेही तेवढेच रुंद असेल, तर त्याची कड आतल्या घडीला जाऊन टेकते. कागद तिथे फुगतो, मुखपृष्ठ सपाट बसत नाही आणि गठ्ठा बांधताना आतली कड मुरगळते.

म्हणून आत जाणारे पान अरुंद ठेवतात. साध्या कागदाला दीड-दोन मिलिमीटर पुरतात. जाड आर्ट पेपर असेल तर तीन. एफोरसाठी १००, १०० आणि ९७ ही विभागणी सोयीची पडते.

यातली खरी अडचण कागद उलटल्यावर येते. बाहेरच्या बाजूला डावीकडून आधी आत जाणारे पान येते, मग मलपृष्ठ आणि शेवटी मुखपृष्ठ, म्हणजे ९७, १००, १००. आतल्या बाजूला हेच उलटे होते : १००, १००, ९७. त्यामुळे घडीच्या रेषा बाहेरून ९७ आणि १९७ वर, तर आतून १०० आणि २०० वर. एका बाजूच्या रेषा उचलून दुसरीकडे तशाच ठेवल्या, तर त्या बाजूची छपाई घडीपासून तीन मिलिमीटर सरकते. गडद निळ्या पानाची बारीक पट्टी शेजारच्या पांढऱ्या पानावर आलेली दिसली, की समजावे इथेच चुकले. मापे बरोबर असूनही घडीयंत्रात थोडाफार फरक पडतोच. त्यामुळे रंग नेमका घडीवर बदलू नये, आणि मजकूर घडीपासून निदान पाच-सहा मिलिमीटर आत असावा.

आता मजकुराचा क्रम. स्क्रीनवर बाहेरच्या बाजूचे सर्वांत डावे पान पहिले दिसते, म्हणून तिथे प्रस्तावना लिहायचा मोह होतो. वाचकाच्या हातात मात्र पहिले येते ते सर्वांत उजवे पान, मुखपृष्ठ. ते उघडले की डावीकडे आतल्या बाजूचे पहिले पान आणि उजवीकडे आत दुमडलेले पान, अशी दोन पाने शेजारी दिसतात. दुमडलेले पान उलगडले की ते नजरेआड जाते आणि आतली तिन्ही पाने एका ओळीत येतात.

कोकणातल्या एका घरगुती निवासाचे पत्रक करायचे आहे, असे धरू. मुखपृष्ठावर नाव, गाव आणि अंगणाचे एक छायाचित्र. आतल्या पहिल्या पानावर घराची आणि खोल्यांची ओळख. दुमडलेल्या पानावर जेवणाची माहिती, कारण ती खोल्यांच्या शेजारी वाचली जाणार आहे. पूर्ण उलगडल्यावर मधल्या पानावर आसपासची ठिकाणे आणि उजव्या पानावर दर व आरक्षणाची पद्धत. पत्ता, फोन आणि नकाशा मलपृष्ठावर, म्हणजे पत्रक न उघडताही सापडेल.

आतले पहिले पान दोनदा दिसते हे इथे विसरू नये. ‘समुद्र, सुपारी आणि सुट्टी’ असा मथळा आतल्या तिन्ही पानांवर पसरला, तर पहिल्या उघडीत वाचकाला ‘समुद्र’ एवढेच दिसेल आणि त्याला लागून जेवणाचा मथळा. म्हणून पहिल्या पानाचा मजकूर स्वतःपुरता पूर्ण असावा. मोठे छायाचित्र पसरायचेच असेल तर ते मधल्या आणि उजव्या पानावर पसरावे. ती दोन पाने नेहमी एकत्रच उघडतात.

हे सगळे संगणकावर बसण्याआधी एका कोऱ्या कागदावर तपासता येते. कागद खरोखरच ९७ आणि १००च्या मापाने दुमडावा, प्रत्येक पानावर त्याचे नाव लिहावे आणि मग उलगडून पाहावा. कुठले पान कुणाच्या पाठीला आहे, हे लगेच कळते. घरच्या प्रिंटरवर नमुना काढताना दोन्ही बाजूंच्या छपाईसाठी `Flip on short edge` निवडावे, नाहीतर मागची बाजू उलटी छापली जाते. छपाई मूळ मापातच ठेवावी; कागदात बसवण्यासाठी लहान केलेल्या प्रतीवर घडीचे माप तपासता येत नाही.

छापखान्यात फाइल देताना चारही कडांना तीन मिलिमीटर ब्लीड ठेवावे, म्हणजे फाइल ३०३ × २१६ होते. घडीची मापे मात्र कापलेल्या कडेपासूनच मोजायची. कागद १७० जीएसएम किंवा त्याहून जाड असेल, तर घडीआधी क्रीझिंग सांगावे. नाहीतर गडद रंग घडीवर तडकून पांढरी रेघ उमटते. फाइलसोबत तो दुमडलेला, नावे लिहिलेला नमुनाही द्यावा. कुठली घडी कुठल्या दिशेला, हे घडीयंत्रावरच्या कारागिराला त्यातून न विचारता समजते.