मालपुव्याची जाळी कडेलाच का पडते?

राजस्थानातल्या पुष्करचा रबडीचा मालपुवा प्रसिद्ध आहे. हाताला लागलेली त्याची कड कुरकुरीत, बारीक भोकांची असते आणि मधला भाग मात्र दाबला की पाक सोडतो. एकाच पळीभर पिठातून हे दोन्ही कसं साधतं, हे कळलं की तो घरीही जमतो.

गोम पिठाच्या सैलपणात आहे. तुपात ओतलेलं पीठ मध्ये जाड राहून कडेला पातळ पसरलं पाहिजे. पातळ कडेतलं पाणी लगेच वाफ होऊन निसटतं, तिथे भोकं राहतात, आणि दुधातल्या घन भागामुळे ती कड भराभर तांबूस होते. मधल्या जाड भागातलं पाणी टिकून राहतं, म्हणून तो मऊ. पीठ घट्ट असेल तर ते पसरत नाही, भज्यासारखं फुगतं. फार पातळ असेल तर तुपात फाटून विखुरतं. साखर पिठातच जास्त घातली तरी हेच होतं, शिवाय कड आधी करपते. गोडीसाठी पाक आहेच.

अर्धा लिटर सायीचं दूध आटवून निम्मं करा. ते कोमट झालं की सव्वाशे ग्रॅम मैदा थोडा थोडा मिसळत गुठळ्या मोडा, चमचाभर बडीशेप घाला आणि अर्धा तास झाकून ठेवा. मैदा दूध शोषतो, त्यामुळे हे पीठ आता नक्कीच दाटलेलं असेल. साधं दूध चमच्या-चमच्याने घालून ते सारखं करा. पळीची पाठ पिठात बुडवून त्यावर बोटाने रेघ ओढावी. रेघ क्षणभर दिसून हळूहळू भरून आली, तर पीठ बरोबर. लगेच बुजली तर थोडा मैदा हवा, तशीच राहिली तर दूध.

भांडं सपाट बुडाचंच घ्या, कारण गोल कढईत पीठ मध्येच गोळा होतं. तूप बोटाच्या एका पेराइतकं पुरे. आच मध्यम. पिठाचा थेंब टाकला की तो बुडून दोन-तीन सेकंदांत बुडबुडे काढत वर यावा. लगेच उसळून वर आला तर तूप जास्त तापलंय: पीठ पसरण्याआधीच आळतं, मग जाळी कुठली पडणार! तूप गार असेल तर मालपुवा तेवढं तूप पितो.

पळी तुपाजवळ नेऊन पीठ एकाच जागी ओता, गोल फिरवू नका; ते आपलं आपण पसरतं. कड तांबूस झाली, मध्यावरचं ओलेपण गेलं, की मगच उलटा. घाईने उलटलेला मधोमध मोडतो. पहिला मालपुवा चाचणीचाच समजावा आणि त्याची कड बघून पीठ सैल-घट्ट करावं.

पाक एकतारीच्या थोडा अलीकडचा आणि कोमट ठेवा. मालपुवा झाऱ्यावर निथळून त्यात अर्धा मिनिटच बुडवा. जास्त वेळ राहिला, की कडेची जाळी पाकाने भरून मऊ पडते.