फुप्फुसातील एकाकी गाठ : क्षयाची की अर्बुदाची?

काही महिन्यांपूर्वी ५८ वर्षांचे एक गृहस्थ आमच्याकडे जुनाट कासासाठी आले. तीस वर्षांचे विडीचे व्यसन. कासाची चिकित्सा केली आणि सहा आठवड्यांत खोकला बराच कमी झाला. रुग्ण समाधानी, आम्हीही समाधानी. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या छातीच्या क्ष-किरण चित्रात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात एक लहान गोल छाया दिसली. खोकल्याचा उपशम म्हणजे फुप्फुस निर्दोष, असे आम्ही गृहीत धरले होते. ती आमची चूक होती. एवढी लहान गाठ बहुधा कोणतेच लक्षण उत्पन्न करीत नाही. त्यामुळे लक्षणांच्या उपशमावरून तिची परीक्षा होऊ शकत नाही.

सर्व बाजूंनी फुप्फुसाने वेढलेली, ३ सेंमीपर्यंतची एकच गाठ ती एकाकी गाठ होय. त्याहून मोठी असल्यास अर्बुदाची शंका बळावते आणि तपासण्या लांबवीत नाहीत. अशा वेळी पहिली पायरी खर्चाची नाही : जुना एक्स-रे शोधावा. घन स्वरूपाची गाठ दोन वर्षे जशीच्या तशी असेल, तर ती सहसा निरुपद्रवी असते. या गृहस्थांकडे जुने चित्र नव्हते, म्हणून सीटी स्कॅन करविला. गाठ १० मिमीची, घन, कडेने काट्यांसारखे तंतू पसरलेली आणि चुनखडीरहित होती.

घरच्यांचा आग्रह होता, ‘क्षयच असेल, एकेटी सुरू करा.’ आपल्या देशात ही शंका रास्त आहे आणि येथेच गोंधळ होतो, कारण क्षय आणि अर्बुद दोघांनाही वरचा खंड प्रिय. म्हणून स्थानावर विसंबू नये. गाठीभोवती बारीक उपगाठी, गाठीच्या मध्यभागी किंवा संपूर्ण गाठीत चुना, तसेच ज्वर आणि कफात जंतू ही लक्षणे संसर्गाकडे बोट दाखवितात. वाढते वय, धूम्रपान, काटेरी कडा आणि एका बाजूला किंवा ठिपक्यांनी पडलेला चुना अर्बुदाकडे झुकतात. पेट स्कॅनही येथे फसवितो, कारण सक्रिय क्षयाची गाठही त्यात उजळते. या रुग्णाच्या कफाची सीबीनॅट तपासणी नकारात्मक आली. पुराव्याविना एकेटी सुरू केली असती, तर सहा महिने औषध घेण्यात गेले असते आणि अर्बुद असल्यास तेवढा काळ वाया गेला असता.

पुनर्तपासणीचे अंतर गाठीच्या आकारावर ठरते. फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार ६ मिमीपेक्षा लहान घन गाठीला, जोखीम कमी असल्यास, नियमित सीटीची गरज नाही. जोखीम अधिक असल्यास १२ महिन्यांनी एकदा करण्याचा पर्याय आहे. ६ ते ८ मिमीसाठी ६ ते १२ महिन्यांनी आणि जोखीम अधिक असल्यास पुन्हा १८ ते २४ महिन्यांनी सीटी करतात. ८ मिमीहून मोठ्या गाठीसाठी तीन महिन्यांनी सीटी, पेट स्कॅन किंवा बायोप्सी यांपैकी मार्ग निवडतात. धुरकट काचेसारख्या दिसणाऱ्या गाठी मंद वाढतात, म्हणून ६ मिमी वा अधिक आकार असल्यास त्यांवर पाच वर्षे लक्ष ठेवावे लागते. पस्तिशीखालील, पूर्वी कर्करोग झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांना हे वेळापत्रक लागू नाही.

आमच्या रुग्णाला छातीरोगतज्ज्ञांनी लगेच बायोप्सी सुचविली. रुग्णाने तीन महिन्यांचा मार्ग निवडला. तेव्हा गाठ १३ मिमी झाली होती. तीन मिमी ऐकावयास अल्प वाटतात. परंतु गोलाचा व्यास सुमारे सव्वापट झाला की त्याचे आकारमान दुप्पट होते. म्हणजे येथे ९० दिवसांत दुपटीहून अधिक वाढ झाली. जंतुसंसर्गाची गाठ बहुधा महिन्याच्या आत दुप्पट होते. घन अर्बुदे साधारण १०० ते ४०० दिवसांत, काही त्याहून लवकर. बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा निघाला. रोग लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला नव्हता, त्यामुळे खंड काढण्याची शस्त्रक्रिया होऊ शकली. बायोप्सीत केवळ ‘दाह’ असा अभिप्राय आला असता, तरी अर्बुद नाही असे म्हणता आले नसते. सुई गाठीच्या बाजूने गेलेली असू शकते. अशा वेळी पुन्हा तपासावे लागते.

तेव्हापासून आम्ही चाळिशीपुढील धूम्रपानी रुग्णाचा खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास चिकित्सेबरोबरच एक्स-रे करवितो, आणि जुनी फिल्म जपून ठेवण्यास सांगतो. औषधी दुकानातील बंधूंनीही वारंवार खोकल्याचे औषध नेणाऱ्या विडीबाज ग्राहकास एवढे अवश्य विचारावे, ‘छातीचा फोटो कधी काढला होता?’