हातातल्या शेअरला ऑप्शनचा आधार

सेबीने २०२४ साली जाहीर केलेल्या पाहणीत, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेल्याचे दिसले. त्यामुळे ऑप्शन म्हटले की घरातली मोठी माणसे हात जोडतात. पण ज्याच्या डीमॅट खात्यात शेअर आधीच पडून आहेत, त्याला हेच साधन जोखीम कमी करायलाही वापरता येते.

समजा, तुमच्याकडे एका कंपनीचे ५०० शेअर आहेत, भाव १००० रुपये. त्या शेअरचा ऑप्शनचा लॉटही ५०० चाच आहे. महिनाअखेर तिमाहीचे निकाल आहेत आणि तुम्हाला धास्ती वाटते. अशा वेळी ९५० चा पुट १५ रुपये प्रीमियम देऊन घ्यायचा. खर्च ७,५०० रुपये. हा सरळसरळ विमा आहे. निकाल वाईट लागून भाव ८०० वर आला, तर एरवी एक लाखाचा फटका बसला असता. आता शेअर ९५० ने देण्याचा हक्क तुमच्याकडे आहे, म्हणून प्रीमियम धरून नुकसान ३२,५०० वर थांबते. भाव वाढला तर प्रीमियम गेला, वाढ मात्र तुमचीच. अडचण खर्चाची आहे. याच दराने दर महिन्याला पुट घेतला तर वर्षाला ९०,००० रुपये, म्हणजे पाच लाखांच्या गुंतवणुकीवर १८ टक्के जातात. म्हणून तो ठरावीक धोक्याच्या काळापुरताच घ्यावा.

कव्हर्ड कॉलमध्ये उलट तुम्ही प्रीमियम घेता. १०५० चा कॉल १६ रुपयांना विकला की ८,००० रुपये जमा होतात. भाव १०५० च्या वर गेला तर शेअर त्या भावाने द्यावे लागतात. १२०० झाला तरी तुमचा फायदा एक लाखाऐवजी ३३,००० चाच. आणि भाव ८०० झाला तर? ९२,००० चा तोटा. मिळालेले सोळा रुपये तेवढीच पडझड झेलतात, त्याखाली काहीच आधार नाही. कव्हर्ड कॉल ‘सुरक्षित उत्पन्न’ म्हणून विकला जातो, ते मला अजिबात पटत नाही. शेअर १०५० ला विकायची तुमची मनापासून तयारी असेल, तरच तो करावा.

दुसरी चूक याहून महागात पडते. मध्येच गरज लागली म्हणून शेअर विकले आणि विकलेला कॉल तसाच राहिला, तर कव्हर उरत नाही. भाव चढेल तसा तोटा वाढतो, त्याला वरची मर्यादा नाही. म्हणून आधी कॉल परत घ्यायचा, मगच शेअर विकायचे. आपल्याकडे शेअरवरच्या ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. मार्जिनसाठी तेच शेअर तारण ठेवले असतील, तर एक्स्पायरीच्या आधी ते कधी सोडवावे लागतील, हे ब्रोकरला कॉल विकण्यापूर्वीच विचारून घ्या.