कौतुकाच्या मेलमध्ये काय लिहावं?

अवघड काम तडीस गेलं की ऑफिसात मेल येतो, ‘सर्वांचे अभिनंदन, उत्तम टीमवर्क!’ कोणी काय केलं, हे त्यात कुठेच नसतं. कामाच्या आधी लिहून ठेवला असता, तरी तो चालला असता.

समजा, एका सहकारी बँकेची सगळी खाती जुन्या संगणक प्रणालीतून नव्या प्रणालीत न्यायची आहेत. शनिवारी संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर काम सुरू होणार आणि सोमवारी सकाळी काउंटर उघडायचे. रंगीत तालमीत चाचणी करणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं, की ज्यांचे हप्ते उशिरा आले त्या आवर्ती ठेवींचं व्याज दोन्हीकडे जुळत नाही. एका शाखेतल्या जुन्या लिपिकाने कागदी खतावणी काढून कोणता हिशेब बरोबर, ते दाखवलं. मग प्रोग्रॅमरने नियम दुरुस्त केला आणि रविवारी रात्री शिल्लक पैशापर्यंत जुळली.

आता मेल लिहायचा. ‘चाचणीत मोलाचं योगदान’ हे वाक्य पुरेसं नाही. ‘उशिरा आलेल्या हप्त्यांवरच्या व्याजाची चूक तुम्ही तालमीतच पकडली, म्हणून सोमवारी चुकीचं व्याज एकाही पासबुकात छापलं गेलं नाही,’ असं लिहावं. व्यक्तीचं नाव, तिने केलेली गोष्ट आणि त्यामुळे बँकेचं काय झालं, या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या की वरिष्ठांनाही कामाचं मोल कळतं. परिणाम लिहिताना मात्र हात आखडता ठेवावा. ‘ग्राहकांचा विश्वास वाढला’ हे सोमवारी कोणालाच ठाऊक नसतं. शाखा वेळेवर उघडल्या, हे ठाऊक असतं. पैशांचा आकडा द्यायचाच असेल, तर तो आधी हिशेब विभागाकडून तपासून घ्यावा.

सर्वांत मोठी चूक नावांत होते. रात्रभर जागलेला प्रोग्रॅमर सगळ्यांना दिसतो. तालमीत चूक पकडणारी मुलगी आणि खतावणी काढणारा लिपिक विसरले जातात. खरं तर रविवारची रात्र शांत गेली ती त्यांच्यामुळेच. फक्त जागरणाची वाहवा झाली, तर पुढच्या वेळी लोक आग लागायची वाट पाहतील, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून पाठवण्याआधी यादी टीममधल्या दोघांना दाखवून ‘कोणी राहिलं का?’ असं विचारावं. कंत्राटी माणसंही त्यात हवीत.

मेल आठवड्याच्या आत जावा, आणि ज्यांचं नाव आहे त्यांच्या वरिष्ठांना त्याची प्रत जावी. दुसऱ्या विभागातून आलेल्या लिपिकाच्या साहेबांना हे काम अन्यथा कळणारच नाही. ‘पुढच्या वेळी कागदपत्रं वेळेवर द्या’ ही सूचना या मेलमध्ये नको, ती बैठकीत द्यावी.

वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी अनेक जण असे जुने मेल शोधून पुरावा म्हणून जोडतात. तेव्हा तुमचं वाक्य त्यांच्या उपयोगी पडेल असं लिहा.