सोळा कोटींचं एक बाळ आणि सतरा आगगाड्या

सोळा कोटी रुपये. आकडा ऐकून मान डोलावू नका, जरा अंथरून बघू. शंभराची नवी नोट 142 मिलिमीटर लांब असते. सोळा कोटी म्हणजे अशा सोळा लाख नोटा. मुंबईहून निघायचं, नोटेला नोट लावत एक्स्प्रेस वेवरून पुण्याला पोहोचायचं. पोहोचलात? हातात अजून साडेपाच लाख नोटा आहेत. मग वळायचं आणि परतीच्या वाटेवर अंथरत सुटायचं. तळेगाव गेलं, लोणावळा गेलं, खंडाळ्याच्या घाटात कुठेतरी शेवटची नोट ठेवली की एकूण अंतर भरतं 227 किलोमीटर.

हा सगळा ऐवज एका इंजेक्शनचा! नाव झोलजेन्स्मा. अमेरिकेत 2019 मध्ये त्याला मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती 21 लाख 25 हजार डॉलर. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी नावाचा आजार आहे, त्यात बाळाचे स्नायू हळूहळू निकामी होत जातात. हे औषध एकदाच द्यायचं, तेही लहानपणीच. 2021 च्या सुरुवातीला मुंबईतल्या काही महिन्यांच्या एका मुलीला ते हवं होतं. आईवडिलांनी तिचा फोटो लोकांपुढे ठेवला, हकिगत सांगितली आणि अनोळखी माणसांनी सोळा कोटींच्या घरातली रक्कम उभी केली! केंद्र सरकारने आयातीवरचे सुमारे सहा कोटींचे करही माफ केले. ज्यांनी पैसे दिले त्यांना कुणी हसू नये. मी तर हसणार नाहीच.

पण आता आपण मुंबई सोडू आणि मुंबई-पुण्याच्या जवळपास चौपट अंतर कापून पुसेगावला जाऊ. साताऱ्याचं नव्हे हो. पुसेगाव म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला सेवागिरी महाराजांची यात्रा आठवते. आपलं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. नाव तेच असूनही ते कुणाला चटकन आठवत नाही, हे या लेखाच्या विषयाला धरूनच झालं.

इथे पाटीवर साधं गणित मांडू. 2011 च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. हजारी सोळा जन्म धरले तर जिल्ह्यात वर्षाला सुमारे एकोणीस हजार बाळं जन्मतात. हा आजार साधारण दहा हजार जन्मांत एकाला होतो. म्हणजे एकट्या हिंगोली जिल्ह्यात दरवर्षी अशी एक-दोन बाळं जन्मत असणार, आणि पुसेगावच्या पंचक्रोशीत काही वर्षांनी एखादं. त्यांच्यासाठी कुठे नोटा अंथरल्या गेल्याचं ऐकलंय? मी तरी ऐकलेलं नाही.

पाटी थोडी मोठी करू. महाराष्ट्रात वर्षाला एकोणीस लाखांच्या आसपास जन्म धरा. त्यात या आजाराची बाळं झाली 190. प्रत्येकी सोळा कोटी म्हणजे तीन हजार चाळीस कोटी. पुन्हा शंभराच्या नोटा काढा, पुन्हा अंथरायला लागा. या वेळी पुण्याला थांबायचं नाही. अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक, अमेरिका, प्रशांत महासागर, सगळं ओलांडत परत मुंबईला यायचं. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर आणि आपली नोटांची पट्टी त्रेचाळीस हजार! एक अख्खा वेढा पडला, वर तीन हजार किलोमीटरची शेपटी उरली. एका राज्याच्या एका वर्षाच्या बाळांचा हा हिशेब. एका बाळासाठी हेलावणारं मन 190 बाळांसाठी 190 पट हेलावत नाही. हेलावायला गेलं तरी खिसा पुरत नाही.

मनाचं हे गणित लोकांनी मोजूनही पाहिलंय, आणि उत्तरं चक्रावून टाकणारी आहेत. स्मॉल, लोवेन्स्टाइन आणि स्लोविक या तिघांचा 2007 मधला प्रयोग घ्या. लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा म्हणून सांगितलं. एका गटाला मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली. त्यांनी सरासरी 2 डॉलर 38 सेंट दिले. दुसऱ्या गटाला आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांचे आकडे दिले. त्यांनी 1 डॉलर 14 सेंट दिले. इथवर आपल्याला अंदाज होताच. तिसऱ्या गटाला रोकियाही दाखवली आणि आकडेही दिले. आता तरी दान वाढेल ना? छे. ते 1 डॉलर 43 सेंटवर घसरलं! मुलगी तीच, तिची भूक तीच. तिच्यासारख्या आणखी लाखो आहेत एवढंच कळलं, आणि माणसांनी हात आखडता घेतला.

याहून भन्नाट प्रकरण पक्ष्यांचं. 1992 च्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना विचारलं, की तेलाच्या तळ्यांत बुडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला तुम्ही किती द्याल? काहींना सांगितलं पक्षी दोन हजार, काहींना वीस हजार, काहींना दोन लाख. उत्तरं आली अनुक्रमे 80, 78 आणि 88 डॉलर. पक्षी शंभर पट झाले आणि दया आठ डॉलरनी वाढली. मनासमोर बहुधा तेलाने माखलेला एकच पक्षी उभा राहत असावा, आणि त्या एकाचीच किंमत सगळ्यांनी सांगितली असावी.

बरं, ही दया निदान सगळ्यांना सारखी तरी मिळते का? पेकिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये लोकांना गालात सुई टोचली जात असलेले चेहरे दाखवले आणि त्यांच्या मेंदूत काय होतं ते पाहिलं. चेहरा आपल्या वंशाचा असला की दुखण्याशी संबंधित भाग जोरात उजळायचा, परक्या वंशाचा असला की कमी. ठरवून कुणी भेदभाव केला नव्हता. सुईचा निकाल मन लावेपर्यंत मेंदूने लावून टाकला होता.

हाच पक्षपात अख्ख्या देशांच्या पातळीवर मोजला तर आकडा कुठे जातो ते पाहा. आयझेन्सी आणि स्ट्रॉम्बर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी 1968 ते 2002 या काळातल्या सुमारे पाच हजार आपत्ती आणि अमेरिकी वाहिन्यांच्या बातम्या समोरासमोर ठेवल्या. बाकी गोष्टी सारख्या धरल्या, तर युरोपातल्या एका मृत्यूइतकी बातमी व्हायला आफ्रिकेत 45 माणसं मरावी लागतात. आपत्तीचा प्रकार बदलला तर विचारूच नका. ज्वालामुखीत मेलेल्या एका माणसाइतकी बातमी व्हायला अन्नाच्या तुटवड्याने जवळजवळ चाळीस हजार माणसं मरावी लागतात. चाळीस हजार! वानखेडे स्टेडियम खच्चून भरा, तरी हजारो माणसं दाराबाहेर उभी राहतील. ज्वालामुखीला धूर असतो, लाव्हा असतो, कॅमेऱ्याला काहीतरी मिळतं. भूक बिचारी घरातल्या घरात, हळूहळू मारते.

आता पुसेगावचं ते बाळ पुन्हा आठवा. आजाराचं नाव कळायलाच जनुकीय चाचणी हवी आणि त्यासाठी मोठं शहर गाठायला हवं. मग नीट फोटो हवा, अनोळखी माणसाला भिडेल असं लिहून देणारं कुणीतरी हवं, ते पुढे पाठवणारे नातेवाईक, मित्र आणि परदेशातले ओळखीचे हवेत. देणारा बहुतेक शहरातला, नोकरदार. त्याला त्या फोटोत आपलं घर, आपली भाषा, आपल्या बाळासारखं दुपटं दिसलं की हात खिशाकडे जातो. सोयाबीन आणि हळद पिकवणाऱ्या घरातलं बाळ त्याला परकं वाटतं असं तो कधीच म्हणणार नाही. ते त्याच्या पडद्यावर येतच नाही. आणि गंमत म्हणजे मार्च 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाने अशा महागड्या उपचारांसाठी सुरुवातीला मुख्य वाट दाखवली ती लोकवर्गणीचीच. पुढे 2022 मध्ये पन्नास लाखांपर्यंतची मदत आली, पण सोळा कोटींपुढे पन्नास लाख म्हणजे मुंबईहून निघालेली नोटांची पट्टी सात किलोमीटरवर संपली. बाकीची वाट चेहऱ्याच्या जोरावर कापायची. तेव्हा येल विद्यापीठात असलेले मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी 2016 मध्ये सहानुभूतीच्या विरोधात अख्खं पुस्तक लिहिलं, ते याच मुद्द्यावर. दुसऱ्याचं दुःख स्वतःला जाणवणं ही एक गोष्ट आणि त्याचं भलं करणं ही दुसरी. पहिलीला मोजता येत नाही, आणि वाटणी करायची तर मोजल्यावाचून भागत नाही.

तेच सोळा कोटी दुसरीकडे ओतून पाहू. जलसंजीवनीचं एक पाकीट वीस रुपयांना धरा. ऐंशी लाख पाकिटं येतात. एका पाकिटाचं एक लिटर होतं, म्हणजे ऐंशी लाख लिटर. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर घ्या. अशा बावीस विहिरी काठोकाठ भरतील आणि तेविसावी अर्धी होईल. तेवढं पाणी एका बाळाच्या इंजेक्शनच्या पैशांत! कुणी म्हणेल, दान देणाऱ्यांनी ते पैसे जलसंजीवनीला थोडेच दिले असते? खरं आहे, नसतेच दिले. मला तर नेमकं तेच थक्क करतं.

आता गरज किती आहे तेही मोजू. 2020 च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात हजार जन्मांमागे सोळा बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. हाच दर हिंगोलीला लावला तर जिल्ह्यात वर्षाला तीनशे, म्हणजे जवळजवळ रोज एक. राज्यात वर्षाला तीस हजार, रोज ऐंशीच्या वर. रेल्वेच्या जुन्या पद्धतीच्या शयनयान डब्यात 72 बर्थ असतात. रोज एक डबा भरून, वर काही बाळं फलाटावर उरतात. दुसऱ्या दिवशी दुसरा डबा, तिसऱ्या दिवशी तिसरा. वर्षअखेरीस फलाटावर उरलेल्यांचेही डबे भरून सगळे जोडले तर चोवीस डब्यांच्या सतरा आगगाड्या! यातली एक गाडी जरी एका दिवसात घाटात कोसळली असती तर देश थांबला असता. सतराच्या सतरा डब्याडब्याने जातात, म्हणून कुणीच थांबत नाही.

हे गणित थोडं तरी उलटवता येतं याचा हिशेब मात्र उपलब्ध आहे. 1971. बांगलादेशातून जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आलेले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याचं थैमान, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ आणि ग्लुकोज मिसळलेलं पाणी पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. फोटो कुणाचा बरा, कोण आपल्यातलं, हे निवडायला वेळच नव्हता. जो आला त्याला पेला दिला. 3,703 जणांवर उपचार झाले. आधी मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते 3.6 टक्क्यांवर आलं. तीस टक्क्यांनी अकराशेवर माणसं गेली असती, प्रत्यक्षात 135 गेली. वजाबाकी करा, पावणेदहाशे माणसं वाचली!

कोणती पावणेदहाशे? ते कुणालाच सांगता येत नाही. तीस टक्के मेले असते म्हणजे सत्तर टक्के तसेही जगले असते. तेव्हा बनगावहून चालत घरी गेलेल्या साडेतीन हजार माणसांपैकी त्या पेल्यामुळे वाचलेले कोण, आणि त्याविनाही वाचले असते ते कोण, हे ना डॉक्टरला ठाऊक, ना पाजणाऱ्या नातेवाइकांना, ना खुद्द त्या माणसांना.